उताऱ्याखालची ओळ

त्या ओळीसाठी मी मोठ्या सरांशी भांडले होते, पण ती कुणी मूल वाचेल असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं. मी भांडले, कारण सर तिला "उगाचची ओळ" म्हणाले. माझ्या कामातल्या कशालाही कुणी उगाच म्हटलं की माझं डोकं फिरतं. नाकावर माशी बसू देत नाही, असं आमच्या घरी माझ्याबद्दल बोललं जातं आणि ते खोटं नाही.

मी परळच्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवते. आमच्या संस्थेच्या तीन शाळा आहेत, एक गिरगावात, एक दादरला आणि ही आमची. नववीचा वार्षिक पेपर तिन्हीकडे एकच असतो. त्या वर्षी संस्थेने ठरवलं की 'कारणे द्या' आणि 'टिपा लिहा' एवढ्यावर आता भागायचं नाही, एक तरी प्रश्न असा हवा की ज्यात पाठांतर कामाला येणार नाही. आधी एक उतारा द्यायचा. त्यातली माहिती शोधायला लावणारा छोटा प्रश्न, मग थोडं स्पष्टीकरण, आणि शेवटी मुलाने स्वतःचा निर्णय द्यायचा. सगळे मिळून दहा गुण. सभेत मीच सगळ्यांत जास्त बोलले होते, त्यामुळे तो प्रश्न माझ्याच गळ्यात पडला.

मोठे सर म्हणजे दादरच्या शाळेतले निवृत्त इतिहास शिक्षक. प्रश्नपत्रिका छापायला जाण्याआधी त्यांच्या नजरेखालून जाते, आणि आम्ही तपासलेल्या उत्तरपत्रिकांतल्या काही ते पुन्हा बघतात. आमची शाई लाल, त्यांची हिरवी. लालावर हिरवं चढलं की तेच खरं धरायचं, असा नियम आहे. सरांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्या हिरव्या पेनाचा रुबाब काही कमी झालेला नाही.

उतारा मी गिरणीतला घेतला. आमची निम्मी मुलं ज्या चाळींत राहतात त्या गिरण्यांच्या पाठीला पाठ लावून उभ्या होत्या, आणि त्यांच्या आया आज त्याच आवारांतल्या काचेच्या ऑफिसांत साफसफाईला नाहीतर कॅन्टीनला जातात. मग बाहेरचा उतारा शोधायचा कशाला? पूर्वी वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यात, बायका पुष्कळ होत्या आणि पुढे त्यांना कमी करत गेले. एका जुन्या इंग्रजी अहवालावरून मी सोप्या मराठीत सात-आठ ओळी बेतल्या. त्यात गिरणीचा व्यवस्थापक म्हणतो, नवी यंत्रं बायकांना झेपत नाहीत. घरच्या कामांमुळे त्या वारंवार गैरहजर राहतात. कायद्यामुळे त्यांना रात्रपाळी देता येत नाही. सबब त्यांना कमी करणं त्यांच्याच हिताचं आहे. आणि जाता जाता एक वाक्य, की त्यांच्या जागी पुरुष घेतले तर पाळणाघराचा आणि बाळंतपणाच्या भत्त्याचा खर्चही वाचेल. उताऱ्याखाली कंसात, बारीक अक्षरात, मी लिहिलं होतं, 'एका गिरणीच्या व्यवस्थापकाने मालकांना पाठवलेल्या अहवालाच्या आधारे'.

तीच ती ओळ.

प्रश्न असे होते. अ, व्यवस्थापकाने दिलेली दोन कारणे लिहा, दोन गुण. ब, रात्रपाळीच्या कायद्याचा स्त्रियांच्या नोकरीवर काय परिणाम झाला ते तीन-चार वाक्यांत स्पष्ट करा, तीन गुण. क, स्त्रियांना कमी करण्याची ही कारणे तुम्हाला पटतात का? उताऱ्यातील पुरावे व तुमची माहिती यांच्या आधारे मत द्या, पाच गुण.

दादरच्या शाळेत, सरांच्या खोलीत, गिरगावच्या बाई आणि मी समोर बसलो होतो. सरांनी कागद वाचला, चष्मा काढून रुमालाने पुसला आणि म्हणाले, "बाई, तुमचा ब अ ला फोडतोय."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि कानशिलं तापली. ब मध्येच रात्रपाळीच्या कायद्याचं नाव होतं. म्हणजे ज्याला अ येत नाही त्याने खाली बघावं, एक कारण तयारच आहे, उचलावं आणि वर लिहावं. शोधण्याचा गुण बघून उतरवल्याबद्दल मिळाला असता. सरांनी अ मध्ये दोन शब्द घातले, 'रात्रपाळीच्या कायद्याखेरीज व्यवस्थापकाने दिलेली दोन कारणे लिहा'. झालं. एवढं साधं होतं आणि मला सुचलं नव्हतं, याचा मला त्या दिवसभर राग आला.

त्यामुळे पुढच्या मुद्द्याला मी तयारीतच होते. क चे पाच गुण मी फोडून दिले होते. मत मांडलं की एक, उताऱ्यातल्या दोन पुराव्यांचे दोन, स्वतःच्या माहितीचा एक, आणि पुराव्यावरून मतापर्यंत कसं पोचलो ते दाखवलं तर जोडणीचा एक. मत कुठल्याही बाजूचं असो, त्याचे गुण कमीजास्त नाहीत.

"जोडणी?" सर म्हणाले. "ही काय नळजोडणी आहे? पुरावा दिला, मत दिलं, झालं की."

"नाही झालं सर. पोरं पुरावा एकीकडे लिहितात आणि मत दुसरीकडे. दोन्ही बरोबर, पण एकमेकांना ओळख नाही."

"बरं, ठेवा तुमची जोडणी. पण ही कंसातली ओळ काढा. हिच्यामुळे पेपर तिसऱ्या पानावर जातोय. उगाचची ओळ आहे, मुलं कुठे वाचतात?"

तिथे मी भडकले. कुणी लिहिलं हे सांगायचं नाही, तर मग तो उतारा कसला, भिंतीवरचा सुविचार म्हणा की त्याला, असं काहीतरी मी बोलले. गिरगावच्या बाई खिडकीबाहेर बघत बसल्या. शेवटी मी पेपरच्या डोक्यावरचं संस्थेच्या नावाचं अक्षर दोन आकड्यांनी लहान केलं आणि ओळ राहिली. सरांनी हिरव्या शाईने 'ठीक' लिहिलं. मी जिंकल्याच्या तोऱ्यात परत आले.

आणि त्याच तोऱ्यात तपासण्याच्या सूचना लिहायला बसले. उताऱ्यातले कोणते पुरावे धरायचे त्यांची यादी केली. खर्च वाचण्याचं वाक्य, 'त्यांच्याच हिताचे' म्हणत गिरणीचं हित बघणं, असे चार मुद्दे. वर ठळक लिहिलं, पुरावा उताऱ्यातलाच हवा, घरची गोष्ट आली तर ती माहितीत धरावी, पुराव्यात नाही. एकच मुद्दा वेगळ्या शब्दांत आला तर एकदाच धरावा. पुरावा नसेल तर जोडणीचा गुण देऊ नये. तिन्ही शाळांच्या सह्या झाल्या. ज्या ओळीसाठी मी एवढं रान उठवलं होतं तिचा त्या यादीत कुठे उल्लेखही नव्हता. भांडण झालं, जिंकले, विसरले. माझं हे नेहमीचंच आहे.

आता त्या मुलीबद्दल. नववीतली, खिडकीजवळच्या बाकावरची. रोज उशिरा यायची, कारण आई पहाटेच लोअर परळच्या एका कॅन्टीनवर जायची आणि धाकट्या भावाला बालवाडीत सोडून मग हिला शाळा. सनावळ्या हिच्या डोक्यात राहत नसत. एकदा मी विचारलं, अगं, एवढं कसं लक्षात राहत नाही? तर म्हणाली, "बाई, तेव्हा मी नव्हते ना." वर्ग हसला, मीही हसले आणि हसू आवरून तिला बाहेर उभं केलं. वाद घालण्यात मात्र पटाईत. तोंडी परीक्षेत ती माझ्याकडून गुण मागून घ्यायची, लेखीत तिचं पान कोरं असायचं.

नववीत नापास म्हणजे काय, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. कागदोपत्री पुन्हा नववीत बसता येतं. प्रत्यक्षात पालकांना बोलावून समजावतात की मुलीला काढा, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावीला बसवा. शाळेचा दहावीचा निकाल स्वच्छ राहतो. आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, वाईट नाहीत. "निकाल पडला तर पुढच्या वर्षी प्रवेश होत नाहीत, मग तुकडी जाते आणि तुमच्यातलंच कुणीतरी अतिरिक्त ठरतं," असं त्या डोळ्यांत पाणी आणून सांगतात. ते खरंही आहे. पण सतरा नंबरला गेलेली मुलगी दहावीपर्यंत पोचतेच असं नाही. ती भावाला सोडते, मग आणते, मग आईबरोबर कॅन्टीनला जाते. मी अशा मुलींना भाजीबाजारात भेटते. त्या अजून "बाई" म्हणून वाकून हसतात, आणि मी फार वेळ थांबत नाही.

एप्रिलच्या उकाड्यात स्टाफरूममध्ये पेपर तपासायला बसले. पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. नवा प्रश्न बऱ्याच जणांना जमला होता, म्हणजे अ जमला होता, ब अर्धा, आणि क मध्ये 'पटते' किंवा 'पटत नाही' लिहून खाली उताराच पुन्हा उतरवलेला. मग तिचा पेपर आला.

अ ला पूर्ण गुण. ब मध्ये एकच वाक्य, एक गुण. क मध्ये तिने लिहिलं होतं ते मला जवळजवळ पाठ आहे. 'नाही, मला पटत नाही. खाली दिलं आहे की हे व्यवस्थापकाने मालकांना लिहिलं. मालकाला लिहिताना माणूस मालकाला बरं वाटेल तेच कारण लिहितो. झेपत नाही असं बायका म्हणाल्या नाहीत, तो म्हणाला. म्हणून या कारणांवर लगेच विश्वास ठेवू नये. माझी पणजी वाइंडिंगला होती. घरी बसवल्यावर ती भायखळ्याहून भाजीची टोपली डोक्यावर आणून विकायची. टोपली झेपली तर यंत्र का झेपलं नसतं?'

मी सूचनांचा कागद बघितला. मत, एक. पणजी म्हणजे माहिती, एक. पुरावा? यादीतल्या चार मुद्द्यांपैकी एकही नाही. खर्चाच्या वाक्याला हातसुद्धा लावलेला नाही. पुरावा नाही म्हणून जोडणीही नाही. मी लाल शाईने दोन लिहिले, समासात 'उताऱ्यातील पुरावा नाही' असा शेरा मारला आणि पुढचा पेपर ओढला. काम होतं ते, आणि उकडत होतं.

सगळे विषय एकत्र आले तेव्हा कळलं, इतिहास-भूगोलात ती दोन गुणांनी खाली आहे. सवलतीचे गुण गणितात आधीच खर्ची पडले होते.

त्या संध्याकाळी मला कुठेच बसवेना. लालबागला घरी आले, कुकर लावला, शिट्या मोजायच्या विसरले. खाली उतरले, कोपऱ्यापर्यंत गेले, काही न घेता परत आले. 'खाली दिलं आहे की.' ते खालीच तर दिलं होतं. मीच दिलं होतं. मुलांनी वाचावं म्हणून भांडून दिलं, आणि एका मुलीने वाचलं तर मी तिच्या समासात लिहिलं की पुरावा नाही. लेखक कोण, कुणाला लिहितो आहे, हे बघणं हीच तर उतारा वाचण्याची पहिली पायरी, असं मी वर्गात घसा फोडून सांगते. मला स्वतःची लाज वाटली आणि लाज वाटली की मला राग येतो, त्यामुळे घरातल्यांनी त्या रात्री माझ्याशी बोलायचं टाळलं.

गुण मी स्वतः बदलू शकत नव्हते. सूचनांवर तीन शाळांच्या सह्या होत्या आणि तपासणी सुरू झाली की त्यांत एकटीने खाडाखोड करायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची उत्तरपत्रिका पिशवीत घालून मी दादरला गेले.

सरांनी पेपर वाचला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला. मी बोलत होते, बहुतेक फारच बोलत होते. त्यांनी हात वर केला.

"पोरगी रेषेवर आहे ना?"

"हो."

"किती हवेत?"

"दोन."

"तरीच." ते खुर्चीत मागे टेकले. "बाई, ही पोरगी सुखाने पास होत असती, तर तुम्ही आज दादरला आला असता का?"

आले नसते. शेरा तसाच राहिला असता, तिने तो वाचला असता, आणि खालची ओळ वाचायची नसते हे शिकून ती दहावीत गेली असती.

"नसते आले," मी म्हटलं. "पण आता आलेय. आणि उत्तर बरोबर आहे, ती पास होवो की नापास."

"मग सगळ्यांचं बघा," सर म्हणाले. "तिन्ही शाळा. प्रत्येक पेपरातला क पुन्हा वाचायचा. ज्याने ज्याने खालच्या ओळीचा आधार घेतलाय त्याला पुराव्याचा गुण. एकीसाठी नियम बदलणं म्हणजे वशिला. सगळ्यांसाठी बदलला तर सुधारणा. तिघांच्या नव्या सह्या घेऊन या, मग मी हिरवा पेन उघडतो."

गिरगावच्या बाईंना फोन केला तेव्हा त्या गावी जायच्या बॅगा भरत होत्या. "तुमच्या त्या ओळीने जीव काढला हो माझा," त्या म्हणाल्या. "तेव्हाच काढून टाकली असती तर काय बिघडलं असतं?" दादरला आता इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांनी नुसतं "हं" म्हणून फोन ठेवला. पण दोघांनीही गठ्ठे पुन्हा सोडले. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तशी त्यांची सुट्टी माझ्या पायी करपली. माझ्या गठ्ठ्यात मला आणखी कुणी सापडलं नाही. गिरगावात एक मुलगा निघाला, त्याने लिहिलं होतं, 'हे एकाच बाजूचं म्हणणं आहे कारण लिहिणारा व्यवस्थापक आहे.' त्याला आधीच भरपूर गुण होते, एक वाढला. बाईंचा पुन्हा फोन आला, आवाज जरा नरम. "पोराने बरं लिहिलंय हो. मी पहिल्यांदा नुसते यादीतले मुद्दे शोधत होते."

सह्यांचा कागद घेऊन मी पुन्हा दादरला. सरांनी तिचा पेपर उघडला, पेनाचं टोपण काढलं.

"पुरावा एक," ते म्हणाले.

"दोन," मी म्हटलं. "लेखक मालकाला लिहितो, हा एक. झेपत नाही असं बायका म्हणाल्या नाहीत, हा दुसरा."

"एकच. कुणी म्हटलं, हाच मुद्दा तिने दोनदा सांगितलाय. तुम्हीच लिहिलंय सूचनांत, एकच मुद्दा वेगळ्या शब्दांत आला तर एकदाच धरा. लिहिलंय की नाही?"

लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात. मी कितीही हुज्जत घातली असती तरी ते खरं होतं. एक गुण वाढून तीन झाले. ती आता एका गुणाने नापास होती, आणि ते दोन गुणांपेक्षा जास्त जाचत होतं. मी पिशवी उचलली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, काय बोलणार?

"कुठे निघालात?" सर म्हणाले. "जोडणी कुणी द्यायची?"

मी पिशवी पुन्हा खाली ठेवली.

"पुरावा नाही म्हणून तुम्ही जोडणी कापली होती. आता पुरावा आहे. मग जोडणी पुन्हा बघायला नको? हे बघा." त्यांनी पेनाचं टोक तिच्या ओळीवर धरलं, टेकवलं नाही. "मालकाला लिहितो, बरं वाटेल तेच लिहितो, 'म्हणून या कारणांवर लगेच विश्वास ठेवू नये.' पुराव्यावरून मतावर आलीय पोरगी, पायरी न चुकता. अख्ख्या गठ्ठ्यात अशी जोडणी मी दोनदाच पाहिली." आणि हिरव्या शाईने लाल दोनावर रेघ मारून त्यांनी चार लिहिले.

मी त्यांच्या पाया पडले असते, पण त्यांना आवडलं नसतं. "नळजोडणी म्हणाला होता तुम्ही," एवढंच मी म्हटलं.

"ते नावाला म्हटलं होतं. नाव अजूनही वाईटच आहे," सर म्हणाले आणि चहा मागवला.

निकालाच्या दिवशी वर्गात प्रगतिपुस्तकं वाटली. तिने आपलं उघडलं, बोट ठेवून एकेक विषय वाचला, मग मिटलं. उड्या नाहीत, काही नाही. सगळी मुलं गेली तरी ती बाकाजवळ उभीच. मला वाटलं आता गुणांवरून वाद घालणार.

"बाई, ऑफिसातून आईचा अर्ज परत मिळेल का?"

"कसला अर्ज?"

"तो सतरा नंबरचा. आता पास झाले ना मी. मग तो तिथे कशाला पाहिजे?"

पालकांचे अर्ज निकालानंतर घेतात, अशी माझी समजूत होती. मी तिला घेऊन ऑफिसात गेले. लिपिकांनी कपाटातून फाइल काढली, नावं बघत कागद उलटले आणि एक बाहेर काढून माझ्या हातात दिला. मी उभ्या उभ्या वाचला. माननीय मुख्याध्यापिका यांस. माझ्या मुलीला नियमित शाळेचा अभ्यास झेपत नाही. घरच्या कामांमुळे ती वारंवार गैरहजर राहते. सबब तिला शाळेतून कमी करून बाहेरून परीक्षेस बसवणे तिच्याच हिताचे आहे, तरी मी स्वखुशीने विनंती करते. तारखेची जागा रिकामी होती. खाली आईची सही, हळूहळू काढलेली, एकेक अक्षर सुटं.

वरचं अक्षर आईचं नव्हतं. ते मी त्याच महिन्यात दोनदा नीट वाचलं होतं.

"हे तू लिहिलंस?"

"हो. आईला कामावरून येऊन एवढं लिहायला जमत नाही. मोठ्या बाई सांगत होत्या, मी लिहिलं, आईने सही केली. परीक्षेच्या आधीच घेतला. तारीख नंतर टाकू म्हणाल्या."

मोठ्या बाईंनी माझा पेपर पाहिला नव्हता. पाहायची गरजही नव्हती. ते शब्द कुणाला कुणाचे चोरून घ्यावे लागत नाहीत. कुणाला तरी काढायचं ठरलं की ते आपोआप तोंडात येतात. अजून शंभर वर्षांनी माझ्यासारखी कुणी हा कागद उताऱ्याला घेईल आणि खाली कंसात लिहील, 'एका आईने मुख्याध्यापिकांस केलेल्या अर्जावरून'. अ, आईने दिलेली दोन कारणे लिहा, दोन गुण.

"पेपरात उतारा वाचताना हा अर्ज आठवला होता तुला?" मी विचारलं.

"आठवायचं काय बाई? वाचता वाचता मला वाटलं, अरे, हे तर मीच लिहिलंय. म्हणून खाली बघितलं, नाव कुणाचं घातलंय ते."

तिने अर्जाच्या चार घड्या केल्या, कंपासपेटीत ठेवला, "येते बाई" म्हणाली आणि गेली. भावाला आणायची वेळ झाली होती.

लिपिक फाइल तशीच उघडी ठेवून पेनाचं टोपण काढत होते. "बाकीच्यांवर आजची तारीख टाकायचीय," ते म्हणाले. "मोठ्या बाईंनी दुपारपर्यंत मागितलेत."

मी खुर्ची ओढली. "जरा थांबा," म्हटलं, "मला वाचू द्या." अक्षर प्रत्येकाचं वेगळं होतं आणि खाली सही वेगळी. झेपत नाही, गैरहजर, तिच्याच हिताचे. एक वाचला, दुसरा वाचला, तिसरा हातात घेतला आणि तो घेऊनच मी मोठ्या बाईंच्या दारावर टकटक केली.